उपासाचं पित्त

सोमवारी रात्री नऊच्या सुमारास दुखायला लागलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो, ‘‘उपासाचं पित्त झालंय, झोपलो की जाईल.’’ तारीख ५ ऑगस्ट २०२४, पहिला श्रावणी सोमवार. दिवसभरात साबुदाण्याची खिचडी, दोन केळी आणि सात-आठ कप चहा एवढंच पोटात गेलेलं. पित्त व्हायला आणखी काय लागतं?

आदल्या दिवशी गटारी होती, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. रविवार होता, बाहेर धो धो पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडल्याच्या बातम्या. आम्ही चौघं मित्र एकाच्या घरी दुपारी एकपासून बसलो ते रात्री अकराला उठलो. मटण, वजडी आणि माझ्या वाट्याला एक अख्खा हाफ, वर थोडी. नंतर दवाखान्यात मोजलं तेव्हा साडेचारशे मिलीच्या आसपास आकडा निघाला. सोमवारी सकाळी आंघोळ करून, गंध लावून मी नाना पेठेत दुकानात हजर. दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर मी सोळा वर्षं आहे. त्या दुपारी एक बारीक सर्क्लिप देताना हातातून तीनदा निसटली. बोटं थरथरत होती. तेही मी उपासावर ढकललं.

पित्त हा आपला फार सोयीचा शब्द आहे. डोकं दुखलं तरी पित्त, मळमळलं तरी पित्त, छातीत जळजळलं तरी पित्त. माझ्या बाबतीत तर त्याला कागदाचा आधारही होता. सात-आठ महिन्यांपूर्वी जळजळ फारच वाढली म्हणून एंडोस्कोपी झालेली. जठराच्या आतलं अस्तर लाल, सुजलेलं, खालच्या भागात बारीक बारीक ओरखडे. रिपोर्टवर गॅस्ट्रायटिस, म्हणजे जठराचा दाह. डॉक्टरांनी तेव्हा सरळ विचारलं होतं, ‘‘रोज घेता का?’’ मी म्हणालो, ‘‘कधीतरी.’’ त्यांनी पँटोप्राझोल लिहून दिलं, सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. आणि दारू बंद करायला सांगितली. मी गोळी घ्यायचो रात्री, पिऊन आल्यावर, प्रायश्चित्त घेतल्यासारखी. शिवाय सकाळी डोकं ठणकायचं म्हणून आठवड्यातून तीन-चार वेळा आयबुप्रोफेन.

आता कळतं की हे दोन्ही मिळून एकाच ठिकाणी घाव घालत होते. जठरात इतकं तीव्र ॲसिड असतं, तरी ते स्वतःला जाळत नाही, कारण आतून बुळबुळीत थर असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये जशी ऑइलची फिल्म असते, तसा. दारू ती फिल्म खरवडते, आणि वेदनाशामक गोळी नवी फिल्म तयार होऊ देत नाही. मग ॲसिड अस्तरालाच भिडतं. ती जळजळ मला पाठ होती: बेंबीच्या वर, छातीच्या हाडाखाली, आग-आग. मिरचीचं खाल्लं की वाढायची, गुलाबी औषधाचे दोन चमचे पोटात गेले की अर्ध्या-पाऊण तासात बसायची, उलटी झाली तर मोकळं वाटायचं. ती बाटली मी काउंटरच्या ड्रॉवरमध्येच ठेवलेली असायची.

म्हणून त्या सोमवारी रात्रीही दोन चमचे घेतले. दहा वाजता आणखी दोन. काहीच फरक नाही. साडेदहाला पहिली उलटी. मला बरं वाटलं, म्हटलं, पडलं पित्त, आता मोकळं होईल. उलटी झाली आणि दुखणं होतं तिथेच, उलट आणखी घट्ट. बारापर्यंत चार वेळा झाली, शेवटी नुसतं हिरवं कडू पाणी. बायकोनं ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. पिशवी पोटावर धरावी की पाठीवर तेच मला ठरवता येईना, कारण दुखणं आता आरपार गेलेलं. समोरून कुणी खिळा ठोकावा आणि तो पाठीत, खांद्याच्या फऱ्यांच्या खाली बाहेर यावा, तसं. उताणं झोपलो की असह्य. शेवटी जमिनीवर बसलो, मांडीवर दोन उशा घेतल्या आणि त्यांच्यावर ओणवा झालो. तेवढं एकच आसन जरा सहन होत होतं.

जळजळ आणि हे दुखणं यात फरक आहे, हे मला त्याच वेळी जाणवलं होतं, ही कबुली द्यायला हवी. जळजळ कमीजास्त होते, फेऱ्या मारते. हे तसं नव्हतं. अर्ध्या तासात टोकाला पोहोचलं आणि तिथेच बसून राहिलं, न हलता. पण दवाखान्यात गेलो तर ‘काल किती घेतली’ हा प्रश्न येणार. त्या प्रश्नाला भिऊन मी सकाळ होण्याची वाट बघत बसलो.

पहाटे साडेपाचला बायको म्हणाली, ‘‘अहो, नेहमीचं असतं तर एव्हाना थांबलं असतं. आणि रात्रभरात तुम्ही लघवीला एकदाच गेलात.’’ तिनं तिच्या भावाला फोन लावला. मेव्हणा धनकवडीतच राहतो, दहा मिनिटांत रिक्षा घेऊन आला. ‘‘दाजी, छातीत नाही ना?’’ हे त्याचं पहिलं वाक्य. मी नाही म्हणालो, पण खरं तर मला नीट सांगता येत नव्हतं.

दवाखान्यात पोट बघायच्या आधी त्यांनी ईसीजी काढला. मेव्हणा वैतागला, पोट दुखतंय आणि हे छातीला वायरी लावतायत. तिथल्या डॉक्टर बाईंनी हात न थांबवता सांगितलं की हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका कधी कधी असाच दिसतो, वरच्या पोटात दुखणं, उलट्या, घाम. मग पोट दाबून बघितलं. दुखत होतं, पण फळीसारखं कडक नव्हतं. छातीचा एक एक्स-रे उभं करून काढला. जठराचा किंवा आतड्याचा व्रण फुटला तर हवा पोटात निसटते आणि उभ्या एक्स-रेत ती छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याखाली दिसते, म्हणून. तसं काही नव्हतं.

मग तो प्रश्न आला. ‘‘ड्रिंक्स किती घेता?’’ मी तोंड उघडलं, ‘‘कधीतरी...’’ आणि बायको शांतपणे म्हणाली, ‘‘रोज एक क्वार्टर. अकरा वर्षं झाली. परवा त्याच्या दुपटीच्या वर.’’ डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे गणित मांडलं. क्वार्टर म्हणजे १८० मिली, व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे वजनात रोज साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. त्या म्हणाल्या, एवढ्या प्रमाणात पाचेक वर्षांहून जास्त पिणाऱ्यांमध्ये स्वादुपिंडाला सूज आलेले पेशंट त्यांना नेहमी भेटतात. सगळ्या पिणाऱ्यांना होत नाही, पण कुणाला होणार ते आधी सांगता येत नाही. माझ्या चार-पाच सिगारेटीही त्यांनी लिहून घेतल्या. सिगारेट हे स्वादुपिंडाला वेगळं आणि वरचं ओझं असतं म्हणे.

तासाभरात रक्ताचा रिपोर्ट आला. लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचा चरबी पचवणारा रस, १,८४०. त्या लॅबची वरची मर्यादा ६०. मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल आणि दुखणंही असं ठरावीक असेल, तर निदान पक्कं धरतात, त्यासाठी स्कॅनची वाट बघत नाहीत. ॲक्यूट पँक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज. सोनोग्राफी मात्र लगेच केली, पण ती स्वादुपिंडासाठी नव्हे, आतड्यातल्या गॅसमुळे ते नीट दिसतही नव्हतं. पित्ताशयात खडे आहेत का ते बघायचं होतं, कारण दारूच्या बरोबरीचं दुसरं मोठं कारण ते. खडे नव्हते. ट्रायग्लिसराइड ३१०, म्हणजे जास्त, पण स्वतःहून आजार घडवायला ते हजाराच्या वर लागतं. उरलं ते एकच कारण.

स्वादुपिंडाला नेमकं काय होतं, हे मला तिसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं आणि ते ऐकताना मला आमच्या दुकानातली बॅटरी आठवली. काही बॅटऱ्या कोऱ्या येतात, कोरड्या. ॲसिडची बाटली वेगळी. गिऱ्हाईक आलं की समोर भरायचं, मग ती जिवंत होते. गोदामातच कुणी भरून ठेवली आणि सांडली तर खालचा लोखंडी रॅकसुद्धा खाऊन टाकते. स्वादुपिंडही मांस-चरबी पचवणारे रस असेच झोपलेल्या अवस्थेत बनवतं. ते नळीतून लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचले की तिथे जागे होतात. वर्षानुवर्षं दारू पचवताना तयार होणारे घटक स्वादुपिंडाच्या पेशींना बिघडवतात, बारीक नळ्यांमध्ये घट्ट गाठी साचतात, आणि एके दिवशी ते रस आतड्यात पोहोचायच्या आधी, गोदामातच जागे होतात. मग ते जे समोर येईल ते पचवायला लागतात. समोर स्वादुपिंडच असतं. ते पोटाच्या मागे, कण्याला चिकटून आहे, म्हणून दुखणं पाठीत जातं, आणि पुढे वाकलं की ताण कमी होतो. माझ्या मांडीवरच्या दोन उशांचं कोडं तिथे सुटलं.

आणि गुलाबी बाटली का चालली नाही, तेही. ते औषध जठरातलं ॲसिड मारतं. आग लागली होती ती मागच्या खोलीत.

उपचार म्हणाल तर बघायला फार साधे. सुजेमुळे शरीरातलं पाणी रक्तवाहिन्यांमधून बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, मूत्रपिंडाला कमी पडायला लागतं. म्हणून सलाइन, रिंगर लॅक्टेट, आणि तेही मोजून. पूर्वी धो धो द्यायचे, आता बेतानं देतात, कारण जास्त झालं तर फुप्फुसात उतरतं. माझी लघवी दर तासाला मोजत होते. ७८ किलो वजन, तर तासाला निदान ४० मिली यायला हवी. पहिल्या सकाळी ती गडद चहासारखी आणि जेमतेम वीस होती. संध्याकाळी पन्नासवर गेली तेव्हा सिस्टर स्वतःहून म्हणाल्या, ‘‘काका, आता बरं चाललंय.’’ दुखण्यासाठी शिरेतून औषध. तेही पूर्ण थांबवत नव्हतं, पण माणसासारखं झोपू देत होतं.

मेव्हण्याचं दोन गोष्टींवरून डॉक्टरांशी वाजलं. एक, सीटी स्कॅन का करत नाहीत. आणि दोन, अँटिबायोटिक का देत नाहीत, पेशंटला तर ताप आहे. उत्तर असं मिळालं की पहिल्या दोन-तीन दिवसांत स्वादुपिंडाचा भाग मेला असला तरी सीटीत तो दिसेलच असं नाही, निदान तर झालेलंच आहे, मग उगाच कशाला. आणि ताप सुरुवातीला सुजेचाच असतो, जंतूंचा नव्हे. जंतुसंसर्गाची खूण दिसली तरच अँटिबायोटिक. लायपेजही परत तपासलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, तो आकडा आजार आहे का ते सांगतो, किती वाईट आहे ते सांगत नाही. त्यासाठी ते श्वास, लघवी, क्रिएटिनिन आणि रक्ताचा घट्टपणा बघत होते.

मंगळवारी रात्री वेगळंच सुरू झालं. हात जोरात थरथरायला लागले, घाम, नाडी १२०, आणि पडद्याच्या घडीवर मला मुंग्यांची रांग चढताना दिसत होती. मुंग्या नव्हत्या. शेवटचा पेग होऊन अठ्ठेचाळीस तास होत आले होते. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की असं होतं आणि ते जिवावरही बेतू शकतं, फिट येऊ शकते. त्यांना पिण्याचा खरा आकडा माहीत असल्यामुळे ते तयारीत होते. हा त्रास आवरणारं लोराझेपाम सुरूच केलेलं, ते वाढवलं. थायामिनची इंजेक्शनं आल्या दिवसापासून चालू होती. गुरुवारपर्यंत ते ओसरलं. मी ‘कधीतरी’वर अडून राहिलो असतो तर ती रात्र कशी गेली असती, याचा विचार मी फार करत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मी दरवर्षी श्रावण कडक पाळायचो, एक थेंब नाही. ‘महिनाभर सोडू शकतो म्हणजे मी दारुडा नाही’ हा माझा पुरावा होता. आणि दरवर्षी पहिले तीन-चार दिवस झोप नाही, हातांना कंप, चिडचिड. घरात सगळे म्हणायचे, उपासांचा अशक्तपणा.

तिसऱ्या दिवशी भूक लागली. उपाशीच ठेवतील अशी माझी समजूत होती, पण उलटी थांबली, भूक लागली, तर खायला द्यायचं, असं त्यांचं धोरण. मऊ भात, मुगाचं पाणी, तेल-तूप नाही. पाचव्या दिवशीही दुखणं थोडं उरलेलं आणि ताप १०१, तेव्हा सीटी केला. स्वादुपिंड सुजलेलं, भोवती थोडं पाणी साचलेलं, मेलेला भाग नाही. आठव्या दिवशी घरी. सहा आठवड्यांनी सोनोग्राफीत ते पाणी जिरलेलं दिसलं. साखर मात्र दर तीन-चार महिन्यांनी तपासावी लागते, कारण इन्सुलिन तयार होतं तेही तिथेच.

घरी सोडताना बायकोनं विचारलं, ‘‘आम्ही ओळखायचं कसं होतं? यांचं तर रोजच दुखायचं.’’ मोठे डॉक्टर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, रोजच्या दुखण्यावर रोजचं औषध चालेनासं झालं, हीच पहिली खूण. वरच्या पोटातलं जोरदार दुखणं तासाभरात बसलं नाही, पाठीत जातंय, उलटी होऊनही मोकळं वाटत नाही, पाणीसुद्धा टिकत नाही, तर रात्र काढायची नाही, ज्या वेळी असेल त्या वेळी निघायचं. त्यात धाप लागत असेल, चक्कर, गार घाम, बरळणं, डोळे पिवळे, लघवी बंद, किंवा पोट दगडासारखं कडक झालं असेल, तर स्वतःच्या गाडीवर बसवूनही आणायचं नाही, १०८ ला फोन करायचा. छाती, जबडा, डाव्या हातात काही वाटत असेल तर ते हृदयाचं समजूनच निघायचं. आणि जळजळीचं दुखणं साधं असतं असंही धरू नका, ते म्हणाले. गॅस्ट्रायटिसमधूनही रक्त जातं. उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळं काही दिसलं, किंवा शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं झालं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘आणि तुमचं श्रावण आता बारा महिन्यांचं. परत प्यालात तर परत होण्याची शक्यता फार मोठी, आणि प्रत्येक वेळी तुम्ही आठव्या दिवशी घरी जालच असं नाही.’’ एकट्यानं जमणार नसेल तर मुक्तांगणला जा, असंही सांगितलं. आम्ही दोघं येरवड्याला जाऊन आलो. त्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.

मागच्या महिन्यात दुकानातला पोऱ्या काउंटरपाशी आला. ‘‘दादा, ती गुलाबी बाटली आहे का अजून? पोटात लई जळतंय.’’

मी विचारलं, ‘‘पाठीत जातंय?’’

‘‘नाही.’’

‘‘उलटी?’’

‘‘नाही. सकाळी मिसळ खाल्ली, तवापासून.’’

बाटली द्यायला ड्रॉवर उघडला आणि आठवलं, हा महिनाभर कंबरेसाठी रोज दुखण्याची गोळी खातोय, इंजिनं उचलून उचलून. विचारलं, ‘‘संडासला काळं होतंय का रे?’’ तो आधी हसला. मग हसायचा थांबला. ‘‘दोन दिवस होतंय, दादा. मी म्हटलं, मेथी खाल्ली म्हणून असेल.’’

मी ड्रॉवर बंद केला आणि गाडीची किल्ली घेतली.